पाणी हवेपेक्षा ८३० पट जड, तरी आवाज त्यात चौपट वेगाने कसा धावतो?

वीस अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, पाण्यात १४८२ मीटर. कारण विचारलं की बहुतेकांकडून तयार उत्तर येतं: "पाणी जास्त घन आहे, कण जवळजवळ आहेत, म्हणून." यातला कण जवळ असण्याचा भाग कामाचा आहे. घनतेचा भाग मात्र साफ उलटा आहे. घनता आवाजाचा वेग कमी करते. पाण्यात आवाज वेगाने जातो तो पाण्याच्या जडपणाला न जुमानता, आणि हा जडपणा कोण भरून काढतं ते पाहिलं की सगळा हिशेब सुटतो.

आधी सूत्र कुठून येतं ते पाहू. वरवर भीतीदायक दिसतं, पण दोन ओळींच्या विचारातून निघतं.

पाण्याने भरलेली एक लांबलचक, न ताणणारी नळी समजा. एका टोकाला दट्ट्या आहे. तो तुम्ही सेकंदाला १ मीटर वेगाने आत ढकलायला लागलात. नळीतलं सगळं पाणी एकदम हलत नाही. मालगाडीला इंजिनाने मागून धक्का दिला की शेवटच्या डब्यापर्यंत तो खडखडत पोचायला वेळ लागतो, तसंच इथे. दट्ट्याजवळचं पाणी दबतं, ते पुढच्याला दाबतं, आणि दबलेल्या पाण्याची सीमा नळीतून पुढे सरकत जाते. या सीमेचा वेग म्हणजेच आवाजाचा वेग. त्याला c म्हणू.

एका सेकंदानंतर काय दिसेल? सीमा c मीटर पुढे गेली आहे आणि दट्ट्या १ मीटर आत आला आहे. म्हणजे c मीटर लांबीचं पाणी १ मीटरने आखूड झालं. ते असं दाबायला किती दाब लागेल हे सांगणारा आकडा म्हणजे बल्क मॉड्युलस, B. आकारमान जितक्या हिश्शाने घटलं, त्या हिश्शाला B ने गुणलं की वाढलेला दाब मिळतो. हिस्सा १/c, तर दाब B/c.

आता हाच दाब दुसऱ्या बाजूने काढू. त्या एका सेकंदात c मीटर लांबीचं पाणी, जे आधी स्थिर होतं, ते सेकंदाला १ मीटर वेगाने चालू झालं. नळीच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे त्याचं वस्तुमान ρc, इथे ρ म्हणजे घनता. एवढं वस्तुमान एका सेकंदात त्या वेगाला आणायला न्यूटनच्या नियमाने ρc इतका दाब हवा. दाब तर एकच आहे, म्हणून B/c आणि ρc सारखे:

c² = B/ρ, म्हणजेच c = √(B/ρ)

वरती B बसला आहे, पदार्थाचा ताठरपणा. तो जास्त असेल तर शेजाऱ्याला धक्का लगेच पोचतो. खाली ρ आहे, पदार्थाचा जडपणा. तो जास्त असेल तर शेजारी हलायला वेळ लावतो. आवाजाचा वेग या दोघांच्या ओढाताणीतून ठरतो.

आता आकडे घालू. पाण्याची घनता घनमीटरला ९९८ किलो आणि B सुमारे २.१९ अब्ज पास्कल. भागाकार २१ लाख ९४ हजार येतो, त्याचं वर्गमूळ १४८१. मोजलेल्या वेगाशी फरक मीटरभराचा, तोही आपण B चे पुढचे दशांश सोडले म्हणून. हवेसाठी घनता १.२०४ किलो आणि B फक्त १ लाख ४२ हजार पास्कल. उत्तर ३४३.

दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पाणी हवेच्या सुमारे ८३० पट जड आहे. बाकी सगळं सारखं असतं तर नुसत्या या जडपणामुळे पाण्यातला आवाज ८३० च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास २९ पटीने मंदावला असता. सेकंदाला १२ मीटर, सायकलस्वाराने जोर लावला तर गाठता येईल इतका. पण पाण्याचा B हवेच्या सुमारे १५,५०० पट आहे, आणि त्याचं वर्गमूळ १२४. जडपणाने २९ पट मागे खेचलं, ताठरपणाने १२४ पट पुढे ढकललं. १२४ भागिले २९, सव्वाचार पट. शाळेत पाठ केलेला "चौपट" इथून येतो.

मग खरा प्रश्न उरतो तो हा की पाणी इतकं ताठर आणि हवा इतकी मऊ का. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, हवा भरा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. किलो-सव्वाकिलोच्या जोरात हवा निम्म्या जागेत बसते. आता तीच सिरिंज पाण्याने भरा, बुडबुडा राहू न देता. दट्ट्या जागचा हलत नाही. पाणी फक्त एक टक्का दाबायचं तर वातावरणाच्या दोनशेहून अधिक पट दाब लागतो, सिरिंजच्या दट्ट्यावर हिशेब केला तर अडीचशे किलोच्या आसपास वजन. त्याच्या कितीतरी आधी प्लास्टिक फुटेल. (दट्ट्या थोडा आत गेलाच, तर पाणी दबलं असं समजू नका. रबर दबलं, किंवा कुठेतरी बुडबुडा राहिला. या बुडबुड्याकडे शेवटी पुन्हा यायचंच आहे.)

हवेत रेणू एकमेकांपासून स्वतःच्या आकाराच्या साधारण दहापट अंतरावर असतात. मध्ये सगळी मोकळी जागा. हवा दाबणं म्हणजे ही मोकळी जागा कमी करणं, आणि त्याला विरोध होतो तो फक्त उडत्या रेणूंच्या आपटण्याचा. म्हणून हवेचा ताठरपणा तिच्या स्वतःच्या दाबाएवढाच असतो, फार तर थोडा जास्त. पाण्यात रेणू एकमेकांना टेकलेले असतात. आणखी जवळ आणायचं म्हणजे इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसवायचे, आणि ते अंतर जरासं घटलं तरी विरोध प्रचंड वाढतो. हवेत निरोप घेऊन रेणूला स्वतः शेजाऱ्यापर्यंत उडत जावं लागतं, त्यामुळे आवाज रेणूंच्या सरासरी वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटरपेक्षा, जोरात जाऊच शकत नाही. पाण्यात शेजारी आधीच खांद्याला खांदा लावून उभा आहे.

"फार तर थोडा जास्त" या शब्दांत एक जुना घोटाळा दडला आहे. न्यूटनने हवेचा B सरळ हवेच्या दाबाइतका धरला आणि त्याचं उत्तर खऱ्यापेक्षा बरंच कमी आलं. आजच्या आकड्यांनी त्या पद्धतीने २९० येतं. चूक लाप्लासने दुरुस्त केली. हवा दाबली की तापते, आणि आवाजाच्या लाटेत दाबणं-सुटणं इतक्या झपाट्याने होतं की ती उष्णता बाहेर पडायला सवड मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उलट दाबते, म्हणून B दाबाच्या १.४ पट धरायचा. पाण्यात हाच परिणाम नगण्य असतो, कारण उष्णतेने पाणी फारसं प्रसरण पावत नाही. वीस अंशाला फरक पाऊण टक्क्याच्या आत, आणि चार अंशाला, जिथे पाणी ना फुगतं ना आकसतं, तिथे शून्य.

आता घनतेच्या गैरसमजाचा निकाल लावू. पारा घ्या. पाण्याच्या साडेतेरा पट जड. "जास्त घन म्हणून जास्त वेग" खरं असतं तर पाऱ्यात आवाज सुसाट जायला हवा. प्रत्यक्षात तो सेकंदाला सुमारे १४५० मीटर जातो, पाण्यापेक्षा किंचित हळूच. कारण पाऱ्याचा B सुद्धा पाण्याच्या तेरा पट आहे, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. उलट बाजूने हायड्रोजन पाहा. त्याचा ताठरपणा हवेएवढाच, कारण दाब तोच. पण वजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतकं. त्यात आवाज १३०० मीटरने जातो, जवळजवळ पाण्यातल्याइतका. सर्वांत हलका वायू, आणि वेग द्रवाच्या तोडीचा.

समुद्राचं पाणी इथे फसवतं. ते गोड्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड, आणि आवाजही त्यात जास्त वेगाने जातो, त्यामुळे गैरसमजाला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण मीठ विरघळल्याने ताठरपणा घनतेपेक्षा जास्त वाढतो, म्हणून वेग वाढतो. कोकण किनाऱ्यावर पाणी २८ अंशांच्या आसपास असताना वेग १५४० च्या घरात असतो. मासेमारीच्या बोटीवरचं खोली मोजणारं यंत्र १५०० धरून चालत असेल, तर १०० मीटर खोल तळ ते ९७ आणि काही दाखवील. जाळं टाकायला हे चालतं. बंदराचा नकाशा करणाऱ्याला चालत नाही, म्हणून तो आधी जागेवरच वेग मोजतो.

हे सूत्र पाण्यासाठी पहिल्यांदा कसाला लागलं ते १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. ज्यां-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म हे दोघे मुळात द्रव किती दाबले जातात हे मोजत होते. पाण्याची दाबली जाण्याची क्षमता हाती आल्यावर √(B/ρ) ने वेग भाकीत करता येत होता, आणि तो खरा ठरतो का हे पाहायला तेरा-चौदा किलोमीटर मोकळं पाणी समोर होतं. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगली. हातोड्याचा दांडा असा जोडला होता की घंटेवर ठोका पडताच वर बंदुकीच्या दारूचा भपका उडावा. सरोवरापलीकडे, १३,४८७ मीटरवर, दुसऱ्या नावेत पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून निरीक्षक बसलेला. रात्री भपका दिसला की घड्याळ सुरू, ठोका ऐकू आला की बंद. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा वीस हजारावा हिस्सा लागतो, म्हणजे तो सोडून द्यायला हरकत नाही.

वेळ आली सरासरी ९.४ सेकंद. पाणी ८ अंशांवर होतं. भागाकार १४३५ मीटर, आणि भाकितही अगदी त्याच्या जवळचं. हाच ठोका हवेतून आला असता तर चाळीस सेकंद लागले असते. आज त्या तापमानाला आपण सुमारे १४४० मानतो. एवढं अंतर का निवडलं हेही इथेच कळतं. हाताने घड्याळ चालवताना सेकंदाचा दहावा हिस्सा इकडे-तिकडे होतोच. ९.४ मध्ये ती चूक एक टक्क्याची. अंतर एखादा किलोमीटर असतं तर तीच चूक चौदा टक्क्यांवर गेली असती, आणि सूत्र बरोबर की चूक हे ठरलंच नसतं.

आज बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग चहाच्या कपाएवढ्या भांड्यात होतो, तोही उलट दिशेने: वेग मोजायचा आणि त्यातून B काढायचा. अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर हे त्याचं नाव. धातूच्या सेलच्या तळाशी क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो, तो बहुधा २ मेगाहर्ट्झने कंप पावतो. वर समांतर धातूची चकती, तिला मायक्रोमीटर स्क्रू. चकती हळूहळू वर घेतली की अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मीटरचा काटा उसळी घेतो. पंचवीस अंशाला तरंगलांबी ०.७४८५ मिमी, म्हणजे दर ०.३७४ मिमीला एक उसळी. एक-एक मोजत बसलात तर वाचनाची चूक उत्तर खाऊन टाकते, म्हणून वीस उसळ्यांचं अंतर एकदम घ्यायचं. ते ७.४८५ मिमी भरायला हवं. वीसने भागा, दुप्पट करा, २० लाखांनी गुणा: १४९७ मीटर.

इथे चुका ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे. वीसऐवजी एकोणीस किंवा एकवीस मोजल्या गेल्या तर उत्तर बरोबर पाच टक्क्यांनी हुकतं, १४२० किंवा १५७० च्या जवळ येतं. असा आकडा दिसला की पुन्हा मोजा, सूत्रावर संशय घेऊ नका. स्क्रू मध्येच उलटा फिरवला तर आट्यांमधली ढिलाई वाचनात शिरते, म्हणून पूर्ण वाचन एकाच दिशेने घ्यायचं. काट्याच्या उसळ्या बारीक आणि अनियमित झाल्या तर बहुधा चकतीखाली बुडबुडे चिकटले आहेत. पाणी उकळून निववून घेतलं आणि चकती तिरपी बुडवली की हा त्रास जातो. सेल रिकामा असताना यंत्र चालू करू नये हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

आणि तापमान लिहायचंच. वीस अंशाला १४८२, पंचवीस अंशाला १४९७: पाच अंशांत पंधरा मीटर. बहुतेक द्रवांत तापमान वाढलं की आवाज मंदावतो. पाणी उफराटं वागतं. ते तापताना थोडं हलकं होतं, आणि शिवाय आवाजाच्या झपाट्यात दाबलं तर सुमारे ६४ अंशांपर्यंत अधिक ताठरही होत जातं. वेग वाढत वाढत ७४ अंशांजवळ १५५५ ला पोचतो आणि मग उतरणीला लागतो.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास छळते. पंचवीस अंशाला ९९७ गुणिले १४९७ चा वर्ग केला की B येतो २.२३ अब्ज पास्कल, आणि तक्त्यात लिहिलेलं असतं २.२१. एक टक्का फरक "प्रयोगातील त्रुटी" या खात्यात टाकून वही बंद होते. ही त्रुटी नव्हे. तक्त्यातला आकडा पाणी सावकाश, तापमान न बदलता दाबून काढलेला असतो. तुम्ही काढला तो आवाजाच्या झपाट्यात दाबलेल्या पाण्याचा. लाप्लासने हवेत चाळीस टक्क्यांनी पकडलेला फरकच इथे एक टक्क्याने दिसतो आहे. वहीत तसं लिहा.

आता राहिलेला बुडबुडा. पाण्यात आकारमानाने एक टक्का हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात मिसळली, तर आवाजाचा वेग किती होईल? मिश्रणाची घनता जेमतेम एक टक्क्याने घटते, तिकडे दुर्लक्ष करा. पण ताठरपणा? असं मिश्रण दाबलं की दबतो तो बुडबुडा. तो पाण्यापेक्षा १५,५०० पट मऊ, त्यामुळे फक्त एक टक्का असूनही पूर्ण मिश्रणाचा B दीडशेपट खाली येतो, १ कोटी ४० लाख पास्कलच्या आसपास. जडपणा पाण्याचा, मऊपणा हवेचा, दोन्हींतलं वाईट तेवढं एकत्र आलं. वर्गमूळ काढा: सेकंदाला सुमारे १२० मीटर. पाण्यापेक्षा बारापट मंद, आणि शुद्ध हवेच्याही एकतृतीयांश. एक दशांश टक्का हवा असली तरी वेग ३६५ पर्यंत घसरतो. (हे बुडबुडे लहान असताना आणि आवाज खर्जातला असतानाच खरं. इंटरफेरोमीटरच्या २ मेगाहर्ट्झला बुडबुडे वेग कमी करण्याऐवजी लाटाच विखरून टाकतात, म्हणून तिथे काटा मलूल पडतो.)

हे कानाने ऐकता येतं. जाड चिनीमातीचा मग गरम पाण्याने भरा, चमचाभर इन्स्टंट कॉफी टाकून ढवळा आणि लगेच चमच्याच्या टोकाने मगाच्या तळावर आतून टकटक करत राहा. भुकटीसोबत आलेली आणि गरम पाण्यातून सुटणारी हवा बारीक बुडबुडे करते, पाण्याच्या उंचीत बसणारी लाट मंदावते आणि आवाज एकदम जाडा होतो. मग मिनिटभरात बुडबुडे वर येऊन फुटत जातात, तसा तो पायरी-पायरीने चढत मूळ पट्टीकडे जातो. पुन्हा ढवळलं की पुन्हा खाली.